मोटरचा इन्सुलेशन क्लास आणि "दहा अंशाला आयुष्य अर्धं", हे खरं किती?

पीठगिरणी
नमस्कार मंडळी. आमची पिठाची गिरणी आहे, वडिलांपासून. १० एचपी थ्री फेज मोटर, पट्ट्यावर चालते, दिवसाला सात तास धरा. कंपनीकडून आलेली मूळ मोटर ११ वर्षं एकदाही न उघडता चालली. मग जळली, भरून आणली, अडीच वर्षात पुन्हा जळली, पुन्हा भरली आणि आता परत तेच. प्लेटवर इन्सुलेशन क्लास एफ लिहिलंय. वाइंडिंगवाला म्हणतो यावेळी एच क्लासची तार टाकतो, पैसे जास्त पडतील पण मोटर थंड चालेल. आणि मेहुणे (ते एका कारखान्यात मेंटेनन्सला आहेत) म्हणतात मोटर दहा डिग्री जास्त गरम चालली की वाइंडिंगचं आयुष्य निम्मं होतं. आता माझा प्रश्न असा की दहाच डिग्रीने निम्मं का, वीसने का नाही, आणि हे एफ, एच म्हणजे नक्की काय घेतोय मी? एच घेऊ का? मोटर दुकानात उघडी पडलीय, चार दिवसात सांगायचंय.

एकदम_ओके
सोप्पं आहे. क्लास म्हणजे लिमिट. बी १३०, एफ १५५, एच १८० डिग्री. त्याच्या खाली मोटर कितीही वर्षं चालवा काही होत नाही, वर गेली की वितळते. एच घ्या, विषय संपला.

खवचट_खान्देशी
मोटरचं माहीत नाही, पण आमच्याकडे मे महिन्यात दहा डिग्री वाढली की माणसाचं आयुष्य निम्मं होतं हे नक्की.

तांबं_आणि_कागद
एकदम_ओके, आकडे बरोबर पण बाकी गडबड आहे. माझं स्वतःचं वाइंडिंगचं दुकान आहे, २२ वर्षं झाली. १५५ ही काही कड्याची कड नाही की १५४ ला सुरक्षित आणि १५६ ला दरीत. वाइंडिंग १२० ला पण म्हातारं होत असतं, हळू होतं एवढंच. क्लासचा आकडा कसा ठरतो ते बघा. नमुने वेगवेगळ्या जास्त तापमानाच्या भट्टीत ठेवतात, किती तासात निकामी होतात ते बघतात, आणि त्यावरून रेघ मारून काढतात की साधारण २०,००० तास टिकायला किती तापमान चालेल. ते तापमान म्हणजे मोटामोटी त्याचा क्लास. आता २०,००० तास म्हणजे किती? चोवीस तास चालवली तर सव्वादोन वर्षं फक्त! म्हणजे एफ क्लासची मोटर खरंच सतत १५५ ला चालवली तर तीन वर्षंसुद्धा काढणार नाही. हे गिऱ्हाईकाला सांगितलं की त्याला वाटतं मी फसवतोय.

आणि गिरणीवाले दादा, "एच टाकली की थंड चालेल" हे साफ चूक. मोटर किती तापते ते लोड, तांब्याची जाडी, कोअर आणि पंख्यावर ठरतं. तारेवरचा मुलामा बदलून उष्णता कमी होत नाही. एच म्हणजे तेवढीच उष्णता जास्त दिवस सोसणारी, बस.

पीठगिरणी
सव्वादोन वर्षं?? मग आमची ११ वर्षं कशी चालली?

तांबं_आणि_कागद
कारण ती १५५ ला चालतच नव्हती. बऱ्याच कंपन्या सामान एफ चं टाकतात आणि मोटर अशी बनवतात की वाढ बी च्या हद्दीत राहते. म्हणजे सर्वात गरम जागा सुद्धा १३० च्या आसपास. २५ अंश खाली. तुमच्या मेहुण्यांचाच हिशोब लावा, दहाला दुप्पट, वीसला चौपट, पंचवीसला साडेपाच पट. २०,००० चे झाले लाखाच्या वर तास. शिवाय तुम्ही दिवसाला सातच तास चालवता.

बोअरवाला_बार्शी
माझी बोअरची मोटर दर उन्हाळ्यात जळते, तिला पण एच क्लास चालेल का? ५ एचपी आहे, ३०० फुटावर.

तांबं_आणि_कागद
तुमची पाण्यात बुडालेली, आत पाणी भरलेली असेल तर तिचा प्रकारच वेगळा. तिच्या तारेवर इनॅमल नसतं, प्लॅस्टिकचं जाड आवरण असतं. पीव्हीसी असेल तर ७० च्या आसपासच त्याचा दम संपतो, तिथे एफ आणि एच ची भाषाच नाही. ती थंड राहते बाजूने वाहणाऱ्या पाण्यामुळे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं, मोटर उघडी पडली की मग दहा डिग्रीचा नियम वगैरे नाही, डायरेक्ट भजी. ड्राय रन कट-ऑफ बसवा, नवीन धागा काढा, तिथे बोलू.

बोअरवाला_बार्शी
धागा काढतो. पण भजी म्हणालात ते अगदी बरोबर, वास तसाच येतो.

निवृत्त_सबस्टेशन
मी मोटरवाला नाही, ट्रान्सफॉर्मरवाला. आयुष्यभर आमच्याकडे दहा नव्हे, सहा अंशाचा हिशोब होता. तेलातला साधा क्राफ्ट कागद, सर्वात गरम बिंदू ९८ अंश धरायचा, त्याच्यावर दर सहा अंशाला झीज दुप्पट. आणि ही गोष्ट जुनी आहे. मॉन्टसिंगर नावाच्या इंजिनिअराने १९३० मध्ये ट्रान्सफॉर्मरच्या लोडिंगवर लेख लिहिला, त्याचा आकडा आठ अंश होता. म्हणजे सहा, आठ, दहा तिन्ही खरे, पण आपापल्या घरात. त्यामुळे दहा हा काही वेदवाक्य नाही. कुणी तरी आता सांगा की निम्मंच का, मला स्वतःला कधी नीट कळलं नाही, टेबल बघून काम केलं.

रेवा_रसायन
काका, मी प्रयत्न करते, मी रेझिनच्या लॅबमध्ये आहे. मोटरवाले याला वीज समजतात पण हे सगळं रसायन आहे. तारेवरचं इनॅमल, वार्निश, स्लॉटमधला कागद, सगळ्या लांबलचक साखळ्या. उष्णतेत त्या तुटतात, ऑक्सिजन चिकटतो, छोटे छोटे तुकडे वाफ होऊन उडून जातात, आणि उरतं ते कडक, ठिसूळ. प्रत्येक तुटण्याला एक ठराविक उंचीची उडी लागते, आणि सगळे रेणू सारख्या जोराचे नसतात.

आंब्याच्या झाडाखाली पोरं दगड मारतायत असं समजा. बहुतेकांचे दगड अर्ध्यात पडतात, शेंड्यावरच्या आंब्यापर्यंत हजारात एखाद्याचाच पोचतो. आता सगळ्या पोरांचा जोर अगदी थोडा वाढवा. सरासरी दगड जेमतेम वर जाईल पण शेंड्यापर्यंत पोचणारे मात्र दुप्पट होतील, कारण ते आधीच मूठभर होते. तापमानाचं तसंच. १३० वरून १४० म्हणजे आपल्याला मोठी उडी वाटते, पण निरपेक्ष शून्यापासून मोजलं तर ४०३ चं ४१३ झालं, अडीच टक्के फक्त. या अडीच टक्क्यांत साखळी तोडण्याइतका जोर असलेले रेणू दुप्पट होतात, म्हणून झीज दुप्पट, म्हणून आयुष्य निम्मं. ट्रान्सफॉर्मरवाल्यांनी आणि मोटरवाल्यांनी हे आधी अनुभवाने पकडलं, मग १९४८ मध्ये डाकिन याने दाखवलं की हा रासायनिक वेगाचाच नियम आहे, अऱ्हेनियसचा.

आता दहाच का? तोडायला लागणारी ऊर्जा साधारण एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरली आणि १३० च्या आसपास असाल तर गणित नेमकं दोन येतं. तीच ऊर्जा ठेवून १०५ ला गेलात तर दहा अंशाला २.२ पट आणि १५५ ला १.८६ पट. कागदाची ऊर्जा वेगळी, इपॉक्सीची वेगळी, म्हणून काकांचे सहा आणि मोटरवाल्यांचे दहा. दहा हा सोयीचा मधला आकडा आहे.

निवृत्त_सबस्टेशन
पोरी, मी अजून नोकरीत असतो तर तुला शिकवायला ठेवली असती. आंब्याचं लक्षात राहील.

खवचट_खान्देशी
काका, तुमच्या वेळी दगड मारले असतील तर मालकाने पकडलं पण असेल.

मस्कतकर
मी ओमानला पंप स्टेशनवर आहे. एक गोष्ट कुणी बोललं नाही. हे सगळे क्लासचे हिशोब बाहेरची हवा ४० अंश धरून आहेत. बी म्हणजे ४० ची हवा, वाइंडिंगची सरासरी वाढ ८०, आणि सर्वात गरम जागा सरासरीपेक्षा वर असते म्हणून अजून १०. एफ ला ४०, १०५ आणि १०. इथे जुलैत उघड्यावर ५० ला टेकतं, त्यामुळे तीच मोटर, तोच लोड, आपोआप दहा अंश वर. आम्ही सरळ मोटर एक साइज मोठी घेतो. गिरणीत पत्र्याखाली तुमचं काय तापमान असतं?

पीठगिरणी
दुपारी ३८-४० नक्की. मोटरवर हात ठेवता येत नाही. आमचे वडील हात ठेवून सांगायचे, "आज जास्त तापलीय".

एकदम_ओके
हात ठेवता येत नाही म्हणजे १०० च्या वर आहे दादा. धोका.

तांबं_आणि_कागद
नाही हो. ६० ला सुद्धा हात दोन-तीन सेकंदांत मागे येतो. आणि हात लागतो तो बाहेरच्या बॉडीला, आतली कॉइल त्यापेक्षा ४०-५० अंश वर असू शकते. हाताने एवढंच कळतं की कालच्यापेक्षा आज जास्त आहे का. वडील तेवढंच सांगत होते, आणि ते बरोबर होतं.

खरं तापमान काढायचं असेल तर तांब्यालाच विचारा. तांबं गरम झालं की रेझिस्टन्स वाढतो आणि तो ठराविक हिशोबाने वाढतो. सकाळी मोटर पूर्ण थंड असताना दोन टर्मिनलमध्ये मोजा, मग तीन-चार तास भर लोडवर चालवून बंद केल्या केल्या तेच दोन टर्मिनल मोजा. साध्या मल्टिमीटरने एक ओहमच्या आसपासचं नीट येत नाही, चार वायरचा ओहममीटर लागेल, मेहुण्यांच्या कारखान्यात असेल. अर्ध्या मिनिटाच्या आत वाचन घ्या, नाहीतर मोटर निवत जाते आणि आकडा खोटा येतो. आणि आधी मेन स्विच काढून फ्यूज हातात घ्या, कृपया.

```
T2 = (R2 / R1) x (234.5 + T1) - 234.5
```

T1 म्हणजे सकाळचं तापमान, R1 थंड, R2 गरम.

आणि क्लासबद्दल एक, जे दुकानदार सांगत नाही. क्लास फक्त तारेचा नसतो, सगळ्या सामानाचा मिळून असतो. तार एच ची असेल, स्लॉटमध्ये साधा लेदरॉइड कागद असेल, आणि वार्निश ओतून उन्हात वाळवलं असेल, तर ती मोटर त्या कागदाच्या आणि त्या वार्निशच्या क्लासची. साखळी सर्वात कच्च्या कडीइतकीच. विचारा त्याला: कागद कोणता, स्लीव्ह कोणती, लेसिंगचा दोरा कोणता, आणि वार्निशमध्ये बुडवून भट्टीत किती तास ठेवणार. चारही उत्तरं एफ ची आली तर एच चे पैसे वाचवा.

पीठगिरणी
विचारलं. म्हणाला "तार एच आहे ना, बाकी आपण नेहमीचंच टाकतो." 😐

खवचट_खान्देशी
नेहमीचंच म्हणजे ते जे अडीच वर्षात जळतं ते.

मस्कतकर
अजून एक बघा. जुनी कॉइल काढताना गॅसची टॉर्च मारून जाळतात ना? कोअरच्या पत्र्यांमधलं पातळ आवरण त्यात जातं, मग कोअर स्वतःच जास्त तापायला लागतो. दोनदा भरलेली मोटर मूळपेक्षा गरम चालण्याचं हे एक कारण असतं. आमच्याकडे तापमान ठरवलेल्या भट्टीतच जाळू देतात.

तांबं_आणि_कागद
हो, पण खेड्यात तशी भट्टी किती दुकानांत आहे? माझ्याकडेही पाच वर्षांपूर्वी आली. आधी मी पण टॉर्चच मारायचो, खोटं का बोलू.

पीठगिरणी
*(तीन आठवड्यांनी)*
मंडळी, उशीर झाला. दुसऱ्या दुकानात दिली, सगळं सामान एफ चं, कागद आणि वार्निश मी समोर उभा राहून बघितलं, भट्टीत रात्रभर होती. बसवली. मेहुणे मीटर घेऊन आले. सकाळी ३० अंशाला १.२० ओहम. दुपारी दळण फुल्ल चालवून बंद केली, १.६२. मेहुण्यांनी हिशोब केला, १२२.६ आलं. मी घाबरलो.

मग मेहुणे मोटरच्या मागचं पंख्याचं झाकण उघडून बसले. आत पिठाचा थर, बाहेरच्या उभ्या पट्ट्यांमध्ये तर पीठ आणि तेल मिळून नुसती पुरणासारखी लगदी. नवीन वाइंडिंग झालं पण बाहेरची बॉडी कुणी धुतलीच नाही. दोघांनी स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढलं, मग ब्रश, एक घमेलं भरलं. दुसऱ्या दिवशी तेच दळण, तेवढाच ॲम्पिअर, १.५४ आलं. म्हणजे १०५.

तांबं_आणि_कागद
वा. मेहुण्यांना आमच्याकडून एक चहा. १७-१८ अंश उतरलं, नियमाने बघितलं तर आयुष्य तिप्पट-साडेतिप्पट, आणि खर्च एक ब्रश. एच क्लासला जास्तीचे पैसे मोजून २५ अंशांचं अंतर मिळणार होतं, त्यातलं बरंचसं फुकट मिळालं.

रेवा_रसायन
एक हिशोब राहवत नाही म्हणून. साफ करण्याआधी सरासरी १२३, गरम जागा १३३ धरू, आणि जुनी मोटर पण तशीच चालत होती असं मानू. वर्षाला साधारण २१०० तास होतात तुमचे. सामान बी चं असतं तर १३३ ला साधारण १६,००० तास, म्हणजे साडेसात वर्षांच्या थोडं वर. ई चं, १२० वालं असतं तर ८,००० तास, जेमतेम चार वर्षं. अडीच वर्षात जायला त्याहून हलकं, ए कडे झुकणारं काही असायला हवं. म्हणजे एक तर कागद फारच साधा होता, किंवा ती उष्णतेच्या म्हातारपणाने गेलीच नाही.

निवृत्त_सबस्टेशन
मी तेच म्हणणार होतो. जळालेल्या कॉइल बघितल्या का कुणी? सगळ्या सारख्या काळ्या होत्या की काहीच?

पीठगिरणी
जुन्या दुकानातून कॉइल आणल्या होत्या, भंगारला द्यायला. आत्ता जाऊन बघून आलो. तिसरा भाग कोळसा आहे, एकदम काळा. बाकीच्या चहासारख्या तपकिरी, अख्ख्या आहेत.

तांबं_आणि_कागद
अरेच्चा. हे आधी सांगायला हवं होतं दादा! डेल्टा जोडणीत एक फेज गेला की एकच गट जळतो, दोन वाचतात. (स्टारमध्ये उलट, दोन जळतात एक वाचतो.) म्हणजे तुमची मोटर शेवटी सिंगल फेजिंगने गेली. खांबावरचा डीओ फ्यूज उडाला असेल, नाहीतर स्टार्टरचा एक काँटॅक्ट. त्यात मिनिटांचा खेळ असतो, कितीही चांगला क्लास घ्या. ओव्हरलोड रिले किती ॲम्पिअरवर लावलाय?

पीठगिरणी
मोटर १४ ॲम्पिअरची आहे. रिलेचा काटा २० वर आहे. सुरू होताना ट्रिप व्हायची म्हणून वडिलांनी वाढवला होता.

खवचट_खान्देशी
झालं. धाग्याचे ३० प्रतिसाद, आंबा, पुरण, ओमान, आणि आरोपी घरातच.

निवृत्त_सबस्टेशन
थांबा, इतकं पण सोपं नाही. त्या तपकिरी कॉइल हातात घेऊन वाकवा आणि सांगा इनॅमल राहतं का.

पीठगिरणी
वाकवली. टकटक वाजते आणि मुलामा पापडासारखा सुटून पडतो. नवीन तारेचा तुकडा तसाच वाकवला तर काही होत नाही. कागद बोटाने चुरला तर भुगा.

निवृत्त_सबस्टेशन
मग दोन्ही. जळालेल्या नव्हत्या त्या कॉइलही अडीच वर्षात म्हाताऱ्या झाल्या होत्या. म्हातारं इन्सुलेशन आपणहून जळत नाही, उलट नुसतं उभं असेल तर वर्षानुवर्षं राहील. ते ठिसूळ होऊन बसतं आणि वाट बघतं, मग एक धक्का, एक व्हायब्रेशन, पावसाळ्यातला दमटपणा, नाहीतर तुमचा एक फेज. ट्रान्सफॉर्मरच्या कागदाचं पण हेच.

एकदम_ओके
म्हणजे क्लास की फेज, नक्की कशाने जळली?

रेवा_रसायन
चांगलं वाइंडिंग असतं तर तेवढ्या सिंगल फेजिंगमधून कदाचित वाचलं असतं, कदाचित नाही. त्या दिवशी किती मिनिटं दोन फेजवर चालली हे कुणाला माहीत नाही, त्यामुळे यापुढे सांगता येणार नाही.

तांबं_आणि_कागद
मला वाटतं नसतं वाचलं. पण रेवाताईंशी वाद घालायला माझ्याकडे पण पुरावा नाही. दादा, रिले १४ वर आणा, सुरू होताना ट्रिप झाली तर स्टार-डेल्टाचा टायमर आणि पट्ट्याचा ताण बघा, काटा वाढवू नका. सिंगल फेज प्रिव्हेंटर लावा.

पीठगिरणी
प्रिव्हेंटर काल लावला. रिले १४ वर आणला, आज सकाळी एकदा ट्रिप झाली, पट्टा सैल केल्यावर नाही झाली. वडील शेजारी उभे होते, म्हणाले "बघ, मी सांगत होतो ना ट्रिप होते". आणि दर शनिवारी गिरणी बंद झाली की मोटरच्या पट्ट्या खरवडायचं काम पोराकडे दिलंय, तो म्हणतो दहा रुपये घेणार.

बोअरवाला_बार्शी
माझा धागा काढलाय हो, कुणी आलं नाही तिकडे.